धनसिंगचा हात

आमचे मेहुणे धनसिंग पाटील यांच्याबद्दल मी लिहायला बसलोय हे कळलं, तेव्हा आमच्या घरातून पहिला हुकूम सुटला तो असा, "माझ्या भावाची टिंगल करायची नाही." मी मान डोलावली. पण बायकोच्या भावाची टिंगल करायची नाही तर मग माणसानं लग्न तरी कशाला करावं? तेव्हा थोडी होईल. मात्र जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण ते घडताना मी मॅटाडोरच्या स्टिअरिंगवर बसून सगळं पाहिलेलं आहे.

मी वना. पहूरच्या छगन आबांच्या रोपवाटिकेवर गाडी चालवायचो. रोपवाटिका मोसंबीच्या कलमांची. माझं काम कलमं भरून पाचोऱ्यापासून भुसावळपर्यंत बागांवर पोचवायचं. धनसिंगभाऊंचं काम ती कलमं बांधायचं. माणूस बारीक, काळासावळा, बोलायला कमी, पण हात असा की काय सांगू!

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मोसंबीचं बी पेरून कोणी बाग करत नाही. आधी जंभेरीचं बी पेरायचं. जंभेरी म्हणजे खडबडीत सालीचं जाडजूड आंबट लिंबू. त्याचं रोप वर्षभरात पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याला खुंट म्हणायचं. थंडीत, साल सहज सुटते तेव्हा, या खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीसारखी चीर द्यायची. चांगल्या फळणाऱ्या मोसंबीच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीच्या चिमुकल्या ढलपीसकट काढायचा, चिरेत वरून सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायचा. पानाचा देठ मुद्दाम ठेवायचा. तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावायचं. अलगद गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला तर डोळा मेला. लागला की खुंटाचा शेंडा छाटायचा, आणि मग वर वाढते ती मोसंबी. फळ वरच्याचं, पण पाणी पिणार, माती धरणार आणि झाडाची वाढ ठरवणार ते खालचं.

हे शेवटचं वाक्य मी आज शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा आमच्यातल्या कुणालाच त्याचा अर्थ नीट कळलेला नव्हता. धनसिंगभाऊंनासुद्धा.

१९७९-८० च्या सुमाराला धनसिंगभाऊ दिवसाला सातशे-आठशे डोळे बांधत. शंभरातले पंच्याण्णव लागत. दुसऱ्या रोपवाटिकांत शंभराला सत्तर लागले तरी पेढे वाटायचे. त्यात भाऊंची एक खासियत होती. ते डोळा अगदी जमिनीलगत बांधायचे, दोन बोटांवर. बांधणी इतकी सफाईदार की वर्षभरात सांधा शोधून सापडत नसे. झाड सरळ मातीतून उगवल्यासारखं दिसे. गिऱ्हाईक वाकून बघायचं, बोट फिरवायचं, आणि वा वा करायचं. भाऊ म्हणायचे, "सांधा दिसी गया, म्हंजे हात कच्चा." त्यांच्या कलमांची गोष्टच वेगळी, असं जामनेर तालुक्यात लहान पोरंही सांगत. छगन आबा तर गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ते वाक्य पाजायचे, "धनसिंगच्या हातची कलमं शेतस."

त्यांची बायको, आमच्या ताईबाई वहिनी, पट्ट्या आवळायला त्यांच्यासोबत असायच्या. पुढे वहिनीही डोळे बांधायला शिकल्या. पण त्यांचा उजवा गुडघा लहानपणी मोडलेला. उकिडवं बसणं जमायचं नाही. त्या वाकून, उभ्याउभ्याच, वीतभर उंचीवर डोळा बांधायच्या. तिथं सांधा ठळक दिसायचा, वर मोसंबी जरा वाकडी फुटून मग सरळ व्हायची. भाऊ सगळ्यांसमोर हसायचे. "आमनी मंडळीना झाडले कोपरा शे." वहिनी एकदा चिडून म्हणाल्या, "मना गुडघा वाकत नही, म्हनीसन वर बांधस मी. तुमले कोपरा दिसस, माले काम दिसस." पण त्यांच्या कलमांना गिऱ्हाईक मिळेना. म्हणून आबांनी त्यांना मागच्या वाफ्यातली रोपं सरावाला दिली. कृषी विद्यापीठातून कुणीतरी आणून दिलेल्या बियांची ती रोपं होती. रंगपूर लिंबू म्हणतात त्याला. फळ संत्र्यासारखं केशरी दिसतं, आणि संत्रं समजून चावलं की डोळ्यांत पाणी येतं. जंभेरीची रोपं कमरेला लागत तेव्हा रंगपूरची गुडघ्याशी असायची. असल्या खुरट्या खुंटावर वहिनींची कोपरेवाली कलमं! आबा म्हणायचे, आता त्यांना बघायला तिकीट लावू.

१९८० च्या पावसाळ्यात पाचोऱ्याजवळच्या सुगनचंद शेठांनी चारशे कलमांची ऑर्डर दिली. शेठांचं कपड्याचं दुकान, पण शेतीची हौस दांडगी. जमीन नदीकाठची, काळीभोर, भेगांत कुदळ हरवावी अशी. मी गाडी भरायला गेलो तर मोजताना अठ्ठावीस कलमं कमी. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "वना, मागली भर. शेठले काय कळस?" मी वहिनींची अठ्ठावीस कलमं भरली. शेठांच्या गड्यानं ती एका टोकाच्या ओळीत, पाटाच्या बाजूला लावली. आणि मी विसरून गेलो.

बाग अशी उठली की लोक मुद्दाम रस्त्यात थांबून बघत. तिसऱ्या वर्षी झाडं डोक्याच्या वर गेली. टोकाची ओळ मात्र छातीएवढीच. शेठ मला म्हणायचे, "वना, ही अठ्ठावीस तू कोठून आणली? ही वाढतच नाहीत." मी नजर चुकवायचो. पाचव्या वर्षी फळ आलं. जाड सालीचं होतं, रस थोडा कमी होता, पण आलं भरपूर. शेठ धनसिंगभाऊंना शाल पांघरवायला पहूरला आले. भाऊंनी शाल घेतली, घडी केली, आणि दुपारी परत वाफ्यात जाऊन बसले. आमचा माणूस तसाच.

मग सहाव्या वर्षी बाग मरायला लागली.

पावसाळा संपता संपता झाडांच्या बुंध्याशी, मातीलगत, मधासारखा डिंक गळू लागला. साल उभी फाटायची, खाली तपकिरी कुजकट पट्टा, कुबट वास. पानं शिरेशिरेनं पिवळी पडायची, फळं वेळेआधी गळायची, आणि उन्हाळ्यापर्यंत झाड उभंच्या उभं वाळायचं. याला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. एका वर्षात शेठांची दीडशे झाडं गेली. पुढल्या वर्षी आणखी दोनशे. नुसत्या शेठांचीच नाही. नदीनाल्याच्या काठी, काळ्या जमिनीत जिथं जिथं आमची कलमं गेली होती तिथून बोंब आली. पहूरच्या नथ्थूभाऊंची साठ झाडं वाळली. ते बस स्टँडवर चहा पिताना मोठ्यानं बोलले, "धनसिंगना हात फिरी गया भो. जे झाड त्यानी बांधं, ते मरस."

हात फिरणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे बी पेरायलासुद्धा चांगल्या हाताचा माणूस बोलावतात. काही माणसांच्या हाताला गुण असतो असं समजतात. आणि एखाद्याचा गुण गेला असं चार लोक बोलले की पाचवा माणूस त्याला आपल्या बागेत पाय ठेवू देत नाही. वर्षभरात आबांच्या कलमांचा खप अर्ध्यावर आला. शेवटी आबांनी जळगावकडून दुसरा बांधणारा आणला. धनसिंगभाऊंना म्हणाले, "तू पाणी देखत जाय थोडा दिवस." ते थोडे दिवस पुढे वर्षभर चालले.

मला राग याचा यायचा की भाऊ भांडत नव्हते. मुकाट्यानं झारी घेऊन फिरायचे. एकदा माझ्याकडे जेवायला आले तेव्हा आमच्या यशोदेनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, विचारलंच, "भाऊ, तूबी लोकेसना नादे लागना का?" भाऊंनी हाताचे पंजे उलटेपालटे करून पाहिले. "माले बी तसंच वाटस. आते मी चाकू हातमा लेवाव नही." ते ऐकून यशोदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि मी, जो त्यांची टिंगल करायची एक संधी सोडत नाही, भात चिवडत राहिलो. ज्या माणसाचा सगळा मान दहा बोटांत आहे, त्याला त्याच बोटांची भीती वाटावी, यापेक्षा वाईट काय असतं?

१९८७ च्या भाद्रपदात मी शेठांकडे गेलो. वाळलेली झाडं तोडून नेण्यासाठी त्यांना गाडी हवी होती. बागेत शिरलो. काटक्याच काटक्या. शेठ बांधावर उभे राहून कुऱ्हाडीचा आवाज ऐकत होते. मी टोकापर्यंत चालत गेलो, गाडी वळवायला जागा आहे का बघायला. तिथं पाटाच्या कडेला, सगळ्यात जास्त पाणी जिथं मुरतं तिथं, अठ्ठावीस झाडं हिरवीगार उभी होती. बुटकी, गोल, आणि फळांनी वाकलेली. मी मोजली. दोनदा मोजली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

गाडी तशीच टाकून मी एसटीनं पहूरला आलो आणि धनसिंगभाऊंना म्हटलं, चला. कुठं ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते आले नसते. वहिनींना कुणकुण लागली. त्याही निघाल्या.

शेठ आम्हाला बघून तोंड फिरवून उभे राहिले. भाऊ पाच मिनिटं जागचे हलले नाहीत. त्यांच्या हातची झाडं होती ती, सगळी मेलेली. मग मी त्यांना जवळजवळ ओढत टोकाच्या ओळीकडे नेलं. त्यांनी पहिल्या झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर बसले. वीतभर उंचीवर तो सांधा, तो वाकडा कोपरा, सगळ्या जगाला दिसेल असा. सांध्याच्या खालचा बुंधा कोरडा, साल घट्ट, डिंकाचा टिपूस नाही. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. उठले, शेजारच्या ओळीतल्या मेलेल्या झाडापाशी गेले आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागले.

त्यांचा तो सुबक, न दिसणारा सांधा चार बोटं मातीखाली निघाला. दरवर्षी गडी बुंध्याला मातीची भर देत होता, झाडाला आधार म्हणून. सगळेच देतात. आणि पाटाचं पाणी थेट बुंध्याला लागत होतं. म्हणजे मोसंबीची स्वतःची साल सहा वर्षं ओल्या चिखलात गाडलेली होती. ती कुजली होती. भाऊंनी आणखी खाली उकरलं. जंभेरीची मुळंही काळी पडलेली, साल बोटानं ओढली तर मोज्यासारखी निघून आली. मग परत येऊन त्यांनी हिरव्या झाडाचं एक मूळ उघडं केलं. पांढरं, टणक, वास मातीचा.

"दाजी, हाई देखा," ते मला म्हणाले. "डोळा त्याच झाडना. मोसंबी सारी एकच. फरक खाले शे."

"आणि वर," वहिनी म्हणाल्या.

"आणि वर," भाऊ म्हणाले. "मी ज्याले सफाई म्हनू, तीच नडी." आणि हा माणूस, ज्याला मी वीस वर्षांत मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, तो त्या चिखलात बसून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हात फिरला नव्हता! डोळे लागले होते, पंच्याण्णवचे पंच्याण्णव लागले होते. चूक होती ती डोळा कुठं बांधला आणि कशावर बांधला यात. चूक सुधारता येते. फिरलेला हात कोण सुधारणार? मला तर त्या चिखलात नाचावंसं वाटलं. शेठ लांबून बघत होते आणि बहुधा आम्हाला वेड लागलं असं समजले असावेत.

पण आबा मानेनात. रंगपूर? ते खुरटं? गिऱ्हाईक तर उंच रोप मागतं, सगळ्यात उंच रोप आधी उचलतं. ते खरंच होतं. आमच्याकडे अजूनही लोक कलमं उंचीवर निवडतात. शेवटी भाऊंनी आबांना दोन गोष्टी सांगितल्या. रंगपूरवर झाड लहान राहतं, वाढीत ताकद कमी घालतं, म्हणून उंच होत नाही, पण भारी ओल्या जमिनीत मूळ टिकतं. आणि टिकलेलं लहान झाड मेलेल्या मोठ्या झाडापेक्षा जास्त फळ देतं. आबांनी डोकं खाजवलं आणि एक वाफा दिला. "एकच," म्हणाले.

रोपवाटिकेतल्या विहिरीशेजारी कलम न बांधता राहिलेली रंगपूरची तीन झाडं वाढलेली होती. दिवाळीनंतर त्यांची पिकलेली फळं फोडून भाऊंनी ताजं बी पेरलं. रोपं आल्यावर त्यांनी एकेक निरखलं. बाकीच्यांपेक्षा वेगळं पान, वेगळी चाल दिसली की उपटून टाकलं, मग ते कितीही जोमदार असो. एका बीतून दोन-तीन रोपं येतात, त्यातली बहुतेक आईसारखी असतात, एखादं आडवळणाचं निघतं. आडवळणाच्या खुंटावर बाग एकसारखी उभी राहत नाही. मी म्हटलं, भाऊ, एवढं चांगलं रोप फेकता? ते म्हणाले, "ते चांगलं शे, पन आपलं नही."

वर्ष थांबलो. पुढच्या थंडीत, १९८८ च्या डिसेंबरात, त्यांनी चाकू हातात घेतला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबलो होतो. बसले, वाकले, आणि सवयीनं चाकू दोन बोटांवर गेला. थांबले. वीत लावली, वर सरकवला. पंचवीस वर्षांची सवय होती ती. शेजारी वहिनी उभ्या राहून सपासप बांधत होत्या. दुपारपर्यंत वहिनींचे दीडशे झाले, भाऊंचे शंभरसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "वहिनी, आता शिकवा यांना." वहिनी म्हणाल्या, "हुशार शेतस, शिकतीन." तीन आठवड्यांनी भाऊंनी देठाला बोट लावायला सुरुवात केली. पहिला गळला. दुसरा गळला. तिसरा, चौथा, दहावा. ते ओळीतून चालत होते आणि देठ टपाटप गळत होते. शंभरात सत्त्याण्णव! यशोदेनं त्या रात्री गुळाची पोळी केली.

सुगनचंद शेठांना पटवणं मात्र मोठं काम होतं. शेठ म्हणाले, "धनसिंग, मी एकदा शाल दिली. पुन्हा काय देऊ, चादर?" भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही मना हातवर भरोसा नका करा. त्या अठ्ठावीस झाडेसवर करा." शेठ बांधावर गेले. अठ्ठावीस झाडं बघितली. फळ फोडून चाखलं. जंभेरीवरच्यापेक्षा साल पातळ आणि रस जास्त, हे त्यांच्या त्या दिवशी प्रथम लक्षात आलं. शेठ व्यापारी माणूस. परत येऊन एवढंच म्हणाले, "चारशे दे. पण मेली तर पहूरला माझी गाडी येणार नाही."

भाऊंनी अटी घातल्या. नवे खड्डे जुन्या झाडांच्या जागी नाहीत, दोन ओळींच्या मध्ये. उन्हाळाभर उघडे तापवायचे. कलम लावताना सांधा वीतभर वर राहिला पाहिजे. आळं दुहेरी, म्हणजे बुंध्याभोवती मातीचं कोरडं कडं आणि पाणी त्याच्या बाहेर. बुंध्याला मोरचूद-चुन्याचा मलम. आणि भर द्यायची नाही. ही शेवटची अट गड्याच्या गळी उतरेना. झुलाल नावाचा शेठांचा जुना गडी, भला माणूस, पण बुंधा उघडा दिसला की त्याचा हात फावड्याकडे जायचा. झाड उघडं पडलं असं त्याला वाटे. लावणीनंतर महिन्यानं आम्ही गेलो तर अर्ध्या ओळीला त्यानं प्रेमानं भर दिलेली. भाऊ, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते त्या दिवशी असे ओरडले की पाटावरचे बगळे उडाले. मग स्वतः बसून एकेक बुंधा मोकळा केला. झुलाल कान पकडून म्हणाला, "आते माटी लावाव नही."

झाडं वाढली, पण हळू. लोक यायचे, बघायचे, हसायचे. नथ्थूभाऊ बस स्टँडवर म्हणाले, "शेठनी बाग लावी का तुळशी?" तिसऱ्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पाणी बागेत चार दिवस उभं राहिलं. पाचव्या दिवशी ओसरल्यावर आम्ही गेलो. चिखल तुडवत बागेत शिरलो. दुहेरी आळी वाहून गेली होती, पण सांधे चिखलाच्या वर होते. भाऊंनी झुलालला घेऊन दोन दिवस चर खणून पाणी काढलं, बुंधे धुतले, पुन्हा मलम लावला. मग वाट बघणं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. चारशे झाडांपैकी नऊ गेली. नऊ! त्याच पुरात शेजारच्या एका बागेतली जंभेरीवरची शंभर झाडं पुढच्या उन्हाळ्यात वाळली.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर जंभेरीवर अन्याय होईल. भाऊंनी जंभेरी टाकून दिली नाही. पहूरच्या वरच्या अंगाला मुरमाड, निचऱ्याची जमीन आहे, पाणी टिकतच नाही. तिथं एका ओळखीच्याकडे त्यांनी जंभेरीवरची कलमं लावली, डोळा मात्र वीतभर वर. ती झाडं अशी माजली की रंगपूर त्यांच्यापुढे पोरगं वाटावं. खोल मूळ, दांडगी वाढ, झाडागणिक फळ जास्त. म्हणजे खुंट चांगला-वाईट असा नसतोच. जमीन पाहून निवडायचा असतो.

१९९४ च्या अंबिया बहाराला, म्हणजे थंडीअखेर फुलून पावसाळ्यानंतर तोडायच्या फळाला, शेठांची बाग खऱ्या अर्थानं फळली. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा झुलाल फांद्यांना बांबूचे टेकू देत फिरत होता. झाडं माझ्या डोक्याएवढी, पण आत हात घालावा तिथं फळ. एकसारखं, पातळ सालीचं, जड. उभ्याउभ्याच तोडता येत होतं, शिडी लागली नाही. मी सहा खेपा केल्या. शेवटच्या खेपेला शेठ स्वतः पुढच्या सीटवर बसले. म्हणाले, पहूरला चल.

पहूरला रोपवाटिकेत पोचलो तेव्हा तिथं आधीच दहा-पंधरा माणसं होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांना रंगपूर हवं होतं. छगन आबा हातात वही घेऊन गोंधळलेले. एका बागायतदाराला दोन हजार कलमं हवी होती, तो घाई करत होता. भाऊ वाफ्याच्या कडेला बसले होते. त्यांनी हात वर केला.

"पह्यले माटी लई या," म्हणाले. "माटी देखल्याबिगर एक कलम देवाव नही."

बागायतदार चिडला. आबा घाबरले. दोन हजारांची ऑर्डर! पण भाऊ हलले नाहीत. आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. हाच माणूस आठ वर्षांपूर्वी झारी घेऊन खाली मान घालून फिरत होता. बागायतदार गेला आणि संध्याकाळी पोत्यात माती घेऊन परत आला! भाऊंनी ढेकूळ ओलं केलं, तळहातावर वळायला घेतलं. वळलं नाही, माती मुरमाड होती, तुटली. "तुमले जंभेरी," भाऊ म्हणाले. "रंगपूर तुमना जमीनमा वाया जाई." त्या माणसाला रंगपूरच हवं होतं. भाऊंनी दिलं नाही. जंभेरी घेऊनच तो गेला.

दुसऱ्या दिवशी गर्दी कमी झाल्यावर एक म्हातारा माणूस फाटकाशी घुटमळताना मला दिसला. धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं. नथ्थूभाऊ. बस स्टँडवरचे. मी तोंडावर आलेला शब्द गिळला, यशोदेची शपथ. ते हळूहळू आले आणि सोगा सोडून ढेकूळ भाऊंपुढे ठेवलं. भाऊंनी पाण्याचा हात लावून माती वळली. काळी, चिकट, लांबच लांब दोरी निघाली, वळवून कडं केलं तरी तुटली नाही. भाऊ उठले. लंगडत आलेल्या वहिनींच्या मदतीनं त्यांनी साठ कलमं निवडली, एकेक सांधा अंगठ्यानं तपासून. बुटकी, कोपरेवाली. ती नथ्थूभाऊंपुढे उभी केली.

"ही कलमं मना हातनी शेतस, नथ्थूभाऊ," ते म्हणाले. "चालतीन का?"

नथ्थूभाऊंनी धनसिंगभाऊंचा मातीनं माखलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांच्या देखत कपाळाला लावला.

"तुनाच हातनी पाहिजेत," ते म्हणाले.